अफवा कोणती, इशारा कोणता

बीड शहरात मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेचे नाव आज जिल्ह्यातील कोणत्याही मोंढ्यात निघाले, तर बोलणे थांबते. ऑक्टोबर 2023 मध्ये संस्थेशी निगडित उद्योगसमूहावर आयकर विभागाचे छापे पडले. त्यानंतर ठेवी काढण्यासाठी रांगा लागल्या, पैसे मिळणे दुरापास्त झाले, शाखांची दारे बंद होत गेली. पुढे 2024 मध्ये गुन्हे दाखल झाले, अध्यक्षांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. लाखो ठेवीदारांचा पैसा त्यात अडकला. व्यापारी होते, शिक्षक होते, ऊसतोड कामगार होते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम होती, तशी दुकानाच्या दिवाळी खरेदीसाठी राखलेलीही होती.

या साऱ्याचा एक भाग फारसा चर्चेत आला नाही. त्या दिवसांत प्रत्येक समाजाच्या, गल्लीच्या आणि व्यापारी मंडळाच्या ग्रुपवर याच विषयाचे संदेश येत होते. कोणी लिहीत होते, ‘पैसे काढून घ्या’. कोणी लिहीत होते, ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’. त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे बहुधा दुकान सांभाळून हे काम करणारा एखादा तरुण. यांतले काय ठेवावे आणि काय काढावे, हे ठरवणे त्याच्यावर येऊन पडले होते. घबराट पसरवणारे संदेश काढून टाकावेत, अशी साधी शिस्त कोणीही सांगेल. ती शिस्त त्याने काटेकोरपणे पाळली असती, तर वेळेवर मिळालेला खरा इशाराही त्याच्याच हातून पुसला गेला असता. उलट सारे तसेच राहू दिले असते, तर एखाद्या सुदृढ संस्थेलाही घबराटीने बुडवता येते, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ठेवीचा पैसा कर्जाऊ दिलेला असतो; सारे ठेवीदार एकाच दिवशी दारात आले, तर तो कोणत्याच तिजोरीत नसतो. शिवाय बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, तसे पतसंस्थेतील ठेवीला नाही. त्यामुळे रांगेत पहिला असणाऱ्याला मिळते आणि शेवटच्याला मिळत नाही. हे ठाऊक असलेला माणूस संदेश खरा की खोटा हे पाहत बसत नाही, आधी रांगेत उभा राहतो.

आता अनेक संघांनी आणि समाजमंडळांनी स्वतःची अ‍ॅप काढली आहेत. त्यांत चातुर्मासाची माहिती येते, वधू-वर परिचय येतो, दुकान भाड्याने देणे-घेणे येते आणि खाली टिप्पण्याही येतात. तक्रार नोंदवण्याचे बटण असते, एखाद्याला ब्लॉक करण्याची सोय असते आणि कोठेतरी नियमांचे एक पान असते. हे पान बहुधा ‘सभासदांनी सभ्य भाषेत लिहावे, अफवा पसरवू नयेत’ एवढ्या दोन ओळींत संपते. भांडण नसते तोवर या दोन ओळी पुरतात. प्रश्न पैशाचा आला की त्या निरुपयोगी ठरतात, कारण ‘अफवा’ हा शब्द प्रत्येक बाजू दुसऱ्या बाजूच्या बोलण्याला लावते.

अ‍ॅडमिनची एक मर्यादा येथे स्पष्ट मांडली पाहिजे. संस्था बुडणार की तरणार, हे त्याला कळू शकत नाही. ते लेखापरीक्षकांना वेळेवर कळत नाही, तेथे रात्री नऊ वाजता गल्ला मोजून मोबाइल हातात घेणाऱ्याला कोठून कळणार? म्हणून खऱ्याखोट्याचा निवाडा करणे हे त्याचे काम असूच शकत नाही. त्याला एवढेच पाहता येते की विधानाला मालक आहे का. लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले, कोठे आणि कधी पाहिले, आणि त्या विषयात त्याचा स्वतःचा हितसंबंध काय, ही माहिती पोस्टमध्ये आहे की नाही, हे कोणालाही तपासता येते. त्यासाठी अर्थशास्त्र यावे लागत नाही. बहीखात्यात नोंद करताना मुनीम जे विचारतो, तेच येथे विचारायचे आहे.

एक प्रसंग धरून चालू. गाव बीड जिल्ह्यातलेच, अ‍ॅप एका संघाचे, सभासद सुमारे तीनशे कुटुंबांतले आणि पतसंस्था कोणतीही. गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात एकाच विषयावर चार पोस्ट येतात.

पहिली पोस्ट एका किराणा व्यापाऱ्याची आहे. मुदत संपलेली दोन लाखांची ठेव घेण्यासाठी आज दुपारी तीन वाजता आपण शाखेत गेलो, तेव्हा आठ दिवसांनी या असे सांगण्यात आले, लेखी काही दिले नाही, एवढेच त्यात आहे. दुसरी पोस्ट पुढे ढकललेली आहे. आतल्या माणसाकडून पक्की बातमी आहे, उद्यापासून टाळे लागणार, सर्वांना पाठवा, असा तिचा मजकूर. तिसऱ्या पोस्टमध्ये शाखाधिकाऱ्याच्या घराचा पत्ता आहे, मुलगी कोणत्या शाळेत जाते तेही आहे आणि खाली ‘याला घरी जाऊन विचारा’ असे आवाहन आहे. चौथी पोस्ट शांत आणि समजूतदार आहे. संस्था भक्कम आहे, वीस वर्षांचा अनुभव आहे, विघ्नसंतोषी लोकांच्या बोलण्यात येऊ नये, असे तीत म्हटले आहे.

तासाभरात तक्रारी येतात. पहिल्या पोस्टविरुद्ध अकरा, दुसरीविरुद्ध दोन, तिसरीविरुद्ध एक आणि चौथीविरुद्ध एकही नाही. तक्रारींचे आकडे पाहून निर्णय घेणारा अ‍ॅडमिन किंवा तसे ठरवून दिलेले अ‍ॅप नेमके उलटे काम करील. अनेक अ‍ॅपमध्ये ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की पोस्ट आपोआप झाकली जाते. शिवीगाळ किंवा अश्लील चित्र यांसाठी ही सोय उपयोगी आहे, परंतु समाजात दोन गट असतील तर तेच बटण हत्यार होते. विश्वस्तांच्या निवडणुकीच्या दिवसांत याचा अनुभव सहज येतो. पहिल्या पोस्टवरील अकरा तक्रारी उघडून पाहिल्या, तर त्यांतल्या आठ दोनच घरांतून आलेल्या दिसतात. एका घरात पाच मोबाइल असणे आता विशेष नाही. त्यांतले एक-दोन आजोबांच्या नावावर असतात आणि ते नातवाच्या हातात असतात, ही गोष्ट निराळी. म्हणून तक्रारी माणशी न मोजता घरटी मोजाव्यात आणि पैशाविषयीच्या पोस्टला आपोआप झाकण्याचा नियम लावूच नये. तेथे माणसानेच पाहावे.

तक्रारीचा अर्जही पाहण्यासारखा असतो. त्यात ‘चुकीची माहिती’ असा पर्याय दिला की न आवडलेल्या प्रत्येक पोस्टवर तोच दाबला जातो. त्याऐवजी ‘कोणते वाक्य आणि कोणता नियम’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर निम्म्या तक्रारी तेथेच गळतात, आणि ज्या उरतात त्या वाचण्याजोग्या असतात. तक्रारदाराचे नाव पोस्ट लिहिणाऱ्याला दिसता कामा नये, अ‍ॅडमिनला मात्र दिसले पाहिजे. निनावी तक्रारींची शहानिशा करता येत नाही.

आता चारही पोस्टचे काय करावे? तिसरीबाबत विचाराला जागाच नाही. संस्थेचे काहीही होवो, एका नोकरदार माणसाच्या घरावर जमाव पाठवणारा मजकूर एक मिनिटही राहता कामा नये. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस याच जिल्ह्यात माजलगावात एक ध्वनिफीत सर्वत्र फिरली आणि त्यानंतर आमदारांचे घर जमावाने पेटवले. पत्त्यासह केलेले आवाहन किती लवकर पायांवर चालू लागते, हे जिल्ह्याने पाहिले आहे. ही पोस्ट ताबडतोब काढावी आणि लिहिणाऱ्याचे लेखन थांबवावे, परंतु मूळ प्रत नष्ट करू नये. केंद्र शासनाच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, काढलेला मजकूर तपासाच्या दृष्टीने 180 दिवस जपून ठेवण्याची जबाबदारी समाजमाध्यम चालवणाऱ्यावर आहे. छोट्या संघानेही तोच हिशेब ठेवणे शहाणपणाचे आहे. उद्या पोलीस ठाण्यातून विचारणा झाली आणि ‘आम्ही पुसून टाकले’ एवढेच उत्तर उरले, तर काढणाऱ्याच्याच हेतूवर शंका येते.

दुसरी पोस्ट पुसायची नाही, झाकायची. झाकणे आणि पुसणे यांतला भेद बऱ्याच ठिकाणी पाळला जात नाही. झाकलेली पोस्ट सभासदांना दिसत नाही, परंतु लिहिणाऱ्याला आणि अ‍ॅडमिनला दिसते, आणि दुरुस्त करून पुन्हा उघडता येते. लिहिणाऱ्याला जाणारा निरोपही मोघम नसावा. ‘आपली पोस्ट नियमबाह्य असल्याने काढली आहे’ एवढ्याने माणूस चिडतो आणि तोच मजकूर दहा ठिकाणी पाठवतो. त्याला असे कळवावे: ‘उद्यापासून टाळे लागणार या वाक्याला आधार दिलेला नाही. ही बातमी आपणांस कोणाकडून, केव्हा कळली ते लिहावे, अथवा आपण स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे. उद्या सकाळी दहापर्यंत दुरुस्ती केल्यास पोस्ट पुन्हा दिसेल. निर्णय मान्य नसल्यास समितीतील दुसऱ्या सदस्यांकडे दाद मागता येईल.’ बहुतेक वेळा दुरुस्ती येत नाही, कारण पुढे ढकलणाऱ्यालाही मूळ माहीत नसते.

या ढकलण्याचे परिणाम महाराष्ट्राने भोगले आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अ‍ॅप चालवणाऱ्या संघालाही हे करता येते. पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दिसावी, आणि पैशाविषयीची पोस्ट रात्री दहा ते सकाळी सात या वेळात आली तर ती अ‍ॅडमिनने पाहीपर्यंत थांबून राहावी. रात्री शाखा बंदच असते. नऊ तासांच्या विलंबाने ठेवीदाराचे नुकसान होत नाही, झोपेची मोडतोड मात्र टळते.

पहिली पोस्ट, जिच्याविरुद्ध सर्वाधिक तक्रारी आहेत, ती राहिली पाहिजे. तिच्यात भाकीत नाही, आरोप नाही आणि कोणाला काही करायला सांगितलेले नाही. एका माणसाने अमुक वेळी जाऊन काय ऐकले, एवढेच आहे. ते संस्थेला अडचणीचे आहे म्हणून अफवा ठरत नाही. बदनामीच्या कायद्यातही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, लोकहितासाठी केलेल्या सत्य विधानाला अपवाद आहे. अर्थात ते सत्य होते आणि लोकहिताचे होते, हे लिहिणाऱ्याला दाखवावे लागते. म्हणून अशा सभासदाला ठेवपावतीची छायाप्रत जपून ठेवायला सांगावे. ती अ‍ॅपवर टाकायला सांगू नये, कारण तिच्यावर खाते क्रमांक आणि सही असते.

त्या पोस्टखाली मात्र साठ टिप्पण्या जमल्या आहेत. पहिल्या दहा जणांनी आपापला अनुभव लिहिला आहे. नंतर कोणी कर्ज कोणी उचलले याची नावे घेतली, कोणी जात काढली, कोणी किराणा व्यापाऱ्याच्याच जुन्या उधारीचा विषय उकरला. येथे पोस्ट ठेवून टिप्पण्या थांबवणे हा मार्ग आहे. अनुभवाच्या दहा टिप्पण्या ठेवाव्यात, उरलेल्या झाकाव्यात आणि नव्या टिप्पण्यांना सकाळपर्यंत विराम द्यावा. टिप्पण्या बिघडल्या म्हणून मूळ पोस्टच काढली, तर बोलणे बंद पाडण्याचा सोपा उपाय सर्वांना कळतो: न आवडलेल्या पोस्टखाली भांडण सुरू करायचे.

उधारीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच. ‘अमक्याने माझे पैसे बुडवले’ अशी व्यक्तीच्या नावासह पोस्ट कोणत्याही आधारासह आली तरी अ‍ॅपवर ठेवू नये, असा वेगळा नियम असावा. पतसंस्था हजारोंकडून ठेवी घेते, म्हणून तिच्याविषयी हजारोंना जाणण्याचा हक्क आहे. दोन व्यापाऱ्यांतला व्यवहार दोघांचा आहे. त्यात माल हलका निघाला की वायदा मोडला, हे टिप्पण्यांतून ठरत नाही, आणि तोवर त्या घरातल्या मुलाची सोयरीक फिसकटलेली असते.

राहिली चौथी पोस्ट. तिच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही, भाषा सभ्य आहे आणि भावना चांगली आहे. तरीही चौघींत सर्वांत काळजीपूर्वक वाचावी अशी पोस्ट हीच आहे. ‘संस्था भक्कम आहे’ हे विधान ‘टाळे लागणार’ इतकेच निराधार आहे. धीर देणारा शब्द कोणाला खटकत नाही, म्हणून त्याचा आधार कोणी विचारत नाही. बीडमध्येही त्या महिन्यांत पैसे परत मिळतील असा धीर देणारे संदेश फिरत होते आणि त्यांवर विसंबून लोक थांबून राहिले. अ‍ॅडमिनने लिहिणाऱ्याला विचारावे की आपण या संस्थेत ठेव गोळा करणारे प्रतिनिधी, संचालक, कर्जदार अथवा त्यांचे नातलग आहात काय. असल्यास ते पोस्टमध्ये लिहावे. समजा उत्तर आले, ‘होय, माझे मेहुणे तेथे संचालक आहेत.’ तर पोस्ट काढण्याचे कारण नाही. त्या एका ओळीसह ती ठेवावी. वाचणारे व्यापारी आहेत. त्या ओळीची किंमत त्यांना कळते.

हाच प्रश्न अ‍ॅडमिनलाही लागू आहे. तीनशे कुटुंबांच्या समाजात कोणाचा तरी सोयरा, भागीदार किंवा भाडेकरू नसलेला अ‍ॅडमिन मिळणे कठीण. म्हणून एकाच्या हाती किल्ल्या न देता तिघांची समिती असावी. त्यांतला एक जण गावाबाहेर, पुण्यात किंवा नगरला स्थायिक झालेला असावा, आणि ज्याचा संबंध येतो त्याने त्या तक्रारीपुरते बाजूला व्हावे, तसे नोंदवहीत लिहावे. एक स्त्री सदस्य हवीच. स्त्रियांविषयीच्या घाणेरड्या टिप्पण्यांची तक्रार त्यांच्याच दिराच्या किंवा चुलत सासऱ्यांच्या मोबाइलवर जाणार असेल, तर ती तक्रार होतच नाही.

अ‍ॅडमिन स्वतः कायद्याच्या कचाट्यात येतो का, ही भीती प्रत्येक संघात बोलून दाखवली जाते. त्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सभासदाने एका महिला सभासदाविषयी अर्वाच्य भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, माफी मागायला लावले नाही, उलट असहायता दाखवली, अशी तिची तक्रार होती आणि गुन्हा अ‍ॅडमिनवरही दाखल झाला. न्यायालयाने तो रद्द केला. सभासद जोडणे आणि काढणे यांपलीकडे अ‍ॅडमिनला अधिकार नाही, मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो अडवूही शकत नाही, म्हणून समान हेतू किंवा संगनमत दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या लेखनासाठी त्याला दोषी धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. यात दिलासा आहे, तशी एक खोचही आहे. निकालाचा पाया अ‍ॅडमिनच्या मर्यादित अधिकारावर उभा आहे. 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी काढण्याची सोय दिली. संघाच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये तर पोस्ट आधी अडवण्याचा, झाकण्याचा आणि पुसण्याचाही अधिकार असतो. अधिकार वाढले की ‘माझ्या हाती काही नव्हते’ हे म्हणणे तितके सोपे राहत नाही.

ब्लॉकच्या बटणाबद्दलचा गैरसमजही सांगण्याजोगा आहे. किराणा व्यापाऱ्याने वैतागून दोघातिघांना ब्लॉक केले, तर त्यांचे लेखन त्याला दिसेनासे होते. बाकी तीनशे घरांना ते दिसतच राहते. आपल्याविषयी काय लिहिले जात आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो तक्रारही करू शकत नाही. ब्लॉक हे त्रासदायक निरोपांपासून सुटण्याचे साधन आहे, बदनामी थांबवण्याचे नाही. आधी तक्रार नोंदवावी, मजकुराचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा आणि मग ब्लॉक करावे, हा क्रम पाळला तर नुकसान होत नाही. समितीला मात्र कोणालाही ब्लॉक करता येऊ नये, अशी रचना हवी. एरवी नियमभंगाची सूचना पोहोचतच नाही.

शुक्रवारी सकाळी समितीच्या नोंदवहीत चार ओळी असतात: पोस्ट कोणाची, कोणता नियम, काय केले, कोणी आणि किती वाजता. दुसऱ्या पोस्टची दुरुस्ती आलेली नाही. चौथीखाली मेहुण्यांची ओळ आली आहे. अकराच्या सुमारास किराणा व्यापारी पुन्हा शाखेत जातो आणि परत येऊन आपल्याच पोस्टखाली लिहितो की दोन लाखांपैकी पन्नास हजार रोख मिळाले, उरलेल्या रकमेसाठी पंधरा तारखेचा चेक दिला आहे. अ‍ॅडमिन ती ओळ पोस्टच्या वर आणून ठेवतो आणि सोळा तारखेला त्यांना पुन्हा विचारायचे, असे नोंदवहीत लिहून दुकान उघडायला जातो.